हंगेरीचं दुसरं रीळ

पडद्यावरच्या माणसांना डोकीच नव्हती. बूट दिसत होते, पँटी दिसत होत्या, फार तर पट्ट्याचं बक्कल. वरचं सगळं गायब. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

मी फ्रेमिंगचा नॉब फिरवला. आता हा नॉब म्हणजे काय, ते सांगतो. फिल्मवर चौकोनी चित्रं एकाखाली एक असतात. चित्र प्रोजेक्टरच्या खिडकीत नीट बसलं नाही, तर पडद्यावर एकाचे पाय वर आणि दुसऱ्याचं डोकं खाली असा प्रकार होतो. तेव्हा हा नॉब जरासा फिरवायचा, चित्र जागेवर येतं. मी फिरवला, तर पडद्याच्या मधोमध काळा आडवा पट्टा आला आणि अख्खा हॉल ओरडला. परत होता तिथे आणला. माणसं पुन्हा बिनडोक्याची.

नाडकर्णी मॅडम अंधारात धडपडत माझ्याकडे आल्या.

"सदाभाऊ, हात लावू नका. ते तसंच आहे."

"तसंच म्हणजे? कॅमेरा धरणारा शुद्धीवर होता ना?"

"ती मुलगी गॅरेजमध्ये काम शिकतेय. गाडीखाली झोपून नट पिळतेय. तिला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्याला दाखवलंय. थांबा जरा."

थांबलो. दहा मिनिटं नुसते बूट आणि वरून येणारे पुरुषांचे आवाज. मग मुलगी गाडीखालून बाहेर आली, उभी राहिली आणि पहिल्यांदा मालकाचा चेहरा दिसला. सगळा हॉल "हां!" म्हणाला. मीही म्हणालो असेन. प्रोजेक्टरच्या आवाजात माझं मला ऐकू आलं नाही.

हा आमच्या पैजेचा पहिला रविवार, पैज कसली ते सांगतोच. पिक्चर पश्चिम जर्मनीचा. पिक्चरांची नावं मला विचारू नका, मी ती देशावरून आणि रिळांवरून लक्षात ठेवतो. जर्मनी दोन रिळं, कॅनडा दीड, हंगेरी तीन, श्रीलंका तीन. चारही पिक्चर बायकांनी काढलेले. काढलेले म्हणजे दिग्दर्शन बायकांचं. कॅमेरा कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा आणि कधी उचलायचा, हे ठरवणारी बाई.

मी मालवणच्या कॉलेजात फिजिक्स-केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट होतो. प्रोजेक्टर माझ्या ताब्यात होता, कारण त्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. मीही लावू देत नसे. सोळा एमेमचं ते यंत्र मी स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त पुसलं असेल, असं आमची ही म्हणते. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. नाडकर्णी मॅडम इंग्रजी शिकवत. पुण्याला शिकल्या होत्या, तिथे त्यांना फिल्म क्लबचं वेड लागलं. इथे येऊन त्यांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्याच्या चारही रविवारी दुपारी क्लब सुरू केला. सभासद चाळीसेक. मास्तर, बँकेतले, दोन डॉक्टर, एक वकील. बाई एकच, मॅडम स्वतः.

तेव्हा व्हिडिओ नुकता आला होता. वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब काजूचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण त्यांना गर्दी बघायची भारी हौस. त्यांनी मॅडमना बोलावून सरळ सांगितलं, "मॅडम, तुमचे पिक्चर कोण बघतं? पहिल्या रिळाला चाळीस, शेवटच्या रिळाला बारा. त्यातले चार झोपलेले. हॉल व्हिडिओला देऊया, गाव सगळा येईल."

"मला एक महिना द्या," मॅडम म्हणाल्या. "चार रविवार. हॉल भरेल आणि लोक शेवटच्या रिळापर्यंत बसतील."

"आणि नाही बसले तर?"

"तर व्हिडिओ लावा."

मी दाराशी उभा होतो. व्हिडिओला ऑपरेटर लागत नाही. कॅसेट सरकवली, बटण दाबलं, झालं. लॅबमधली माझी नोकरी काही जात नव्हती, पण ती नोकरी म्हणजे परीक्षानळ्या धुणं. रविवारी दुपारी चार वाजता मी माणूस व्हायचो. हॉल गेला, तर क्लब गेला, आणि क्लब गेला, तर मी उरलो परीक्षानळ्यांपुरता.

बाहेर आल्यावर मी मॅडमना विचारलं, "एवढी पैज लावलीत, मग मारामारीचे पिक्चर तरी मागवा."

"बायकांनी काढलेले मागवणार आहे. चार देशांचे. पत्रं गेलीसुद्धा, मुंबईला वकिलातींकडे."

"बायकांचे? म्हणजे रडके?"

मॅडमनी उलट विचारलं, "सदाभाऊ, आपण आजवर किती पिक्चर दाखवले?"

"साठेक."

"त्यातले बाईनं काढलेले किती?"

मी मोजू लागलो आणि थांबलो. मोजायला काही नव्हतंच.

"म्हणजे साठ वेळा आपण जग एकाच खिडकीतून बघितलं. खिडकी चांगली असेल हो. पण घराला ती एकच आहे का?"

आता अडचण दुसरीच होती. पिक्चर जर्मन नाहीतर हंगेरियन भाषेतला, खाली अक्षरं इंग्रजीत. मॅडमना हॉलमध्ये गावातल्या बायका हव्या होत्या. त्या इंग्रजी कशा वाचणार? त्यावर तोडगा मी सुचवला, त्यामुळे पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ मीच. मी म्हणालो, "तात्या घाडीला माइकवर बसवूया."

तात्या घाडी दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. आमच्या दशावतारात बाईचं काम पुरुषच करतात आणि संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्यानं रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचं. तात्या राणी झाला की शेवटच्या चटईवरच्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. मिशी काढलेला, उंच, आवाज मधासारखा. तात्या बोलणार म्हटल्यावर बायका येणार, यात मला शंका नव्हती.

पद्धत अशी ठरली. मॅडम तात्याच्या शेजारी बसून खालची इंग्रजी अक्षरं वाचणार आणि त्याच्या कानात मराठीत सांगणार. तात्या ते माइकवर बोलणार. प्रिंट मुंबईहून एसटीने यायची, कोल्हापूरमार्गे फोंडाघाट उतरून, आणि बहुतेक वेळा रविवारी सकाळीच हातात पडायची. त्यामुळे आधी बघून ठेवायला वेळ नसे. डब्यात वकिलातीने घातलेला एक कागद असायचा, त्यावर चार ओळींत गोष्ट. तेवढ्यावर सगळं.

माइक आणि प्रोजेक्टर दोन्ही माझ्याच अँप्लिफायरला जोडलेले. दोन बटणं. तात्या बोलू लागला की मी पिक्चरचा आवाज खाली आणायचो. अगदी खाली. म्हटलं, जर्मन कुणाला कळतंय? उगाच कलकलाट कशाला.

पहिल्या रविवारी बायका आल्या. साठ-सत्तर. पुढच्या चटया भरल्या. जर्मनीला तात्याने बहार उडवली. ती गॅरेजातली मुलगी चार वाक्यं बोलायची, तात्या चौदा बोलायचा. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. बापूसाहेब सपत्नीक आले होते. जाताना म्हणाले, "ह्याला म्हणतात पिक्चर!"

दुसऱ्या रविवारी कॅनडा. ती कथा नव्हती, खऱ्या माणसांचा पिक्चर होता. समुद्रकाठचा एक थंडगार गाव, माशांचा कारखाना आणि तिथे मासे कापणाऱ्या बायका. दिग्दर्शक बाई कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारायची. उत्तर संपायचं, तरी कॅमेरा बंद व्हायचा नाही. कामगार बाई नुसती बघत राहायची, मग हातातल्या सुरीकडे बघायची आणि मग आणखी काहीतरी बोलायची. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "खरं उत्तर ते दुसरं असतं, सदाभाऊ. पहिलं उत्तर पाहुण्यांसाठी. ही बाई थांबायला शिकलीय." पण आमच्या हॉलमध्ये कुणाला ते थांबणं कळलंच नाही, कारण त्या जागेत तात्या बोलत होता. कामगार बाई गप्प बसली की हा सुरू, "अरेरे, काय सांगू बायांनो, माझ्या नशिबाचे भोग!" लोक खूश. मॅडमचा चेहरा मात्र उतरलेला.

शो संपल्यावर त्यांनी तात्याला बाजूला घेतलं. मी केबल गुंडाळत होतो.

"तात्या, ती गप्प असते तेव्हा तुम्हीही गप्प राहा ना."

तात्याला धक्काच बसला. "मॅडम, काय सांगतास! गप रवलो तर लोक म्हणतले तात्या भाषण इसारलो. आमच्या धंद्यात गप रवणा म्हणजे मराण."

"पण ती तसं म्हणत नाहीये."

"म्हणाची नाय म्हणानच मी म्हणतंय!"

मी तात्याच्या बाजूने बोललो. म्हटलं, "मॅडम, हॉल भरतोय ना? पैज कशाची होती?" त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या. मला वाटलं, शिकलेल्या माणसांना कौतुक म्हणून नाहीच कशाचं.

तिसरा रविवार. हंगेरी.

कागदावर चार ओळी होत्या. मध्यमवयीन बाई, काचेच्या कारखान्यात नोकरी, नवरा रेल्वेतून रिटायर, संसारातलं एकटेपण. तात्याने तेवढं ऐकून मान डोलावली. एकटेपण म्हणजे त्याचा हातखंडा विषय.

पहिलं रीळ ठीक गेलं. दुसऱ्या रिळात रविवारचं जेवण होतं. नवऱ्याचे मित्र आले, जेवले आणि बाहेरच्या खोलीत वाद घालत बसले. त्यांचा वाद नुसता ऐकू येत होता. कॅमेरा स्वयंपाकघरातून हललाच नाही. टेबलाच्या उंचीवर ठेवलेला. त्या बाईचे हात, पाणी, ताटं, पुसायचं फडकं. बाई बोलेना. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. मी दोनदा प्रोजेक्टरमध्ये वाकून बघितलं की फिल्म अडकली तर नाही. फिल्म चालू होती.

खाली इंग्रजी अक्षरं मात्र धो धो येत होती, कारण बाहेर पुरुष भांडत होते. मॅडम मान खाली घालून ती वाचण्यात आणि तात्याच्या कानात ओतण्यात गुंतलेल्या. तात्याने तो वाद दणक्यात केला, चार पुरुषांचे चार आवाज. त्यातून जरा उसंत मिळाली की तो बाईकडे वळायचा आणि आपला ठेवणीतला रडवेला आवाज काढायचा, "हे प्राणनाथ, या दासीची आपल्याला आठवण तरी आहे का? या अश्रूंनीच मी आपली ताटं धुते आहे!" माझा हात बटणावर. पिक्चरचा आवाज जवळजवळ बंद.

तेवढ्यात पुढच्या चटईवरून कुणीतरी उठून उभं राहिलं. पडद्यावर डोक्याची सावली पडली आणि अस्सल मालवणी शिवी ऐकू आली.

"शिरा पडली तुझ्या तोंडार! तात्या, गप रव मरे जरा!"

शेवंताबाय. एसटी स्टँडजवळ तिची खानावळ. वीस वर्षं मी तिथे दुपारचं जेवत होतो, तिचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

तात्या माइकवरच म्हणाला, "काय झाला गो?"

"ती रडता खंय? डोळ्यात एक टिपूस नाय तिच्या. ती ताटां मोजता आसा! तू बोलतंस आणि माका बघूक गावना नाय!"

हॉलमध्ये गोंधळ. मागून पुरुष ओरडले, "बसा, बसा!" एकजण म्हणाला, "ताटं कसली मोजतेय, पुसतेय ती." शेवंताबाय गर्रकन मागे वळली. "तू कधी पुसलंस? माका शिकवतंस? एक ताट, एक कप, एक चमचो तिणा येगळो काढल्यान. कागदात गुंडाळल्यान. पिशयेत घातल्यान. ती खंय तरी जातली, बघ तू!"

"असं काही नाहीच!" बँकेतले कुलकर्णी म्हणाले. "मी बघत होतो की."

"तू तात्याक आयकत होतंस."

मी प्रोजेक्टर थांबवला, दिवे लावले. दुसरं काय करणार? समोर बापूसाहेब उभे. "झालं? हे असं होतं. मॅडम, बास झालं आता. पुढच्या महिन्यापासून..."

मॅडम त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या शेवंताबायकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "मी ते बघितलंच नाही. मी खालची अक्षरं वाचत होते." मग माझ्याकडे वळून, "सदाभाऊ, रीळ मागे घ्या."

आता हे माझ्या तत्त्वात बसणारं नव्हतं. चालू शोमध्ये रीळ मागे घ्यायचं नसतं. प्रिंट दुसऱ्याची, ओरखडा पडला तर वकिलात पुन्हा आपल्याला दारात उभं करणार नाही. तसं मी बोललोसुद्धा, आणि जरा चढ्या आवाजातच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हॉल तर गेलाच आहे. निदान पिक्चर तरी नीट दाखवूया."

रीळ काढलं आणि हाताने मागे गुंडाळायला लागलो. हळूहळू, दोन बोटांत फिल्मची कड धरून. पाच-सात मिनिटं गेली असतील. मी मनात म्हणत होतो, आता लोक उठतील, चहाला जातील आणि परत येणार नाहीत. मान वर करून बघितलं, तर एकही जण उठला नव्हता. अख्खा हॉल भांडत होता. ताट काढलं की नाही काढलं. बायका सगळ्या एका बाजूला, कारण शेवंताबायनंतर आणखी दोघींनी सांगितलं की आपणही कागद बघितला. पुरुषांत दोन तट. वकील म्हणत होते, पुरावा काय? आणि बापूसाहेबांच्या पत्नी, ज्या गावात कधी चार शब्द मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्या नवऱ्याला सांगत होत्या, "तुम्ही बसा खाली. माका बघूचा आसा."

बापूसाहेब बसले.

फिल्म चढवली. दिवे घालवले. तात्याने माइकच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा मॅडमनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी सवयीने पिक्चरचा आवाज खाली करायला गेलो आणि थांबलो. बोलणारं कुणी नव्हतं, मग खाली कशासाठी? पहिल्यांदाच मी तो आवाज पुरता वर नेला.

फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते, तिच्यात आवाज असतो. ती पट्टी मी वर्षानुवर्षं कापसाने पुसत आलो होतो. पण त्या दिवशी तिच्यात काय आहे ते मी ऐकलं. बाहेरच्या खोलीत पुरुषांची गडगड, भिंतीपलीकडची, अर्धवट. इकडे नळाचं पाणी. ताटावर ताट ठेवल्याचा खण्ण आवाज. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सहावा खण्ण आलाच नाही. त्या जागी कागदाची सळसळ झाली. बारीक, पण अगदी स्पष्ट. बाईने दाराकडे एकदा बघितलं, हात पुसले, कॉफीचा ट्रे उचलला आणि हसऱ्या चेहऱ्याने बाहेर गेली.

म्हणजे त्या हंगेरीच्या बाईने सगळं सांगितलं होतं. फक्त ते त्या सळसळीत ठेवलं होतं, आणि ती सळसळ मी माझ्या हाताने बंद केली होती. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की अंधार आहे हे बरं वाटलं.

हॉलमध्ये कुणी "बघ" म्हणालं नाही. शेवंताबायसुद्धा नाही. मला वाटलं होतं, ती आता कुलकर्ण्यांना सोडत नाही.

तिसऱ्या रिळाला तात्या पुन्हा माइकवर बसला, पण मॅडमनी सांगितलं तेवढंच बोलला. आपलं एक अक्षर घातलं नाही. त्या रिळात बाई खरंच गेली. ओरडली नाही, रडली नाही, चिठ्ठी ठेवली नाही. ट्रामने गेली, एका रिकाम्या खोलीत शिरली आणि टेबलावर तो कागद उलगडला. एक ताट, एक कप, एक चमचा. खिडकी उघडली, आणि पिक्चर संपला. दिवे लावल्यावरही लोक बसून होते. शेवटच्या रिळाला किती माणसं होती, हे त्या दिवशी बापूसाहेबांनी मागे वळून स्वतःच बघितलं.

दाराशी त्यांनी मॅडमना गाठलं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या पत्नींनी विचारलं, "पुढच्या आयतवारी खंयच्या देशाचा आसा?"

"श्रीलंका."

"तां पण बायलेनच काढलेला?"

"हो."

"बरा," त्या म्हणाल्या आणि बापूसाहेबांची वाट न बघता पायऱ्या उतरल्या. बापूसाहेबांनी वळून हॉलमधल्या पंख्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "पंखे दुरुस्त करून घ्यायला हवेत. एवढी माणसं बसायची म्हणजे उकडतं." आमच्या अध्यक्षांची निर्णय सांगण्याची हीच पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीत गेलो. शेवंताबायने आमटी वाढली. मी म्हटलं, "बाय, तुला कसं गो दिसलं ते? मॅडमना नाही दिसलं, मला नाही दिसलं."

"तुमका वाचूक येता," ती म्हणाली. "माका बघूक येता."

मग जरा थांबली. कॅनडाच्या बाईसारखा मीही थांबलो. खरंच सांगतो, पूर्वी मी त्या जागी भात मागितला असता.

"फोंड्यासून इलंय तेव्हा माझ्याकडे पण एक ताट होता," ती म्हणाली. "पितळेचा. पदराखाली घेवन इलंय. घोवाचा घर सोडताना माणूस काय उचलता तां कोणी इचारूक नाय माका. तीस वर्सां झाली. त्या पिक्चरवाल्या बायलेन इचारल्यान."

नवऱ्याच्या घरून आणलेलं ते ताट भिंतीवरच्या फळीत होतं. मी वीस वर्षं समोर बसून जेवलो होतो.

श्रीलंकेच्या पिक्चरला हॉल भरून बाहेर व्हरांड्यात माणसं. त्यात काथ्या वळणाऱ्या बायका होत्या, माड होते, खारं पाणी होतं. आमच्या बायका म्हणाल्या, ही तर आपलीच. पण मॅडमनी नंतरच्या चर्चेत दाखवून दिलं की तसंही नाही. हंगेरीवाली कॅमेरा हलवत नव्हती, श्रीलंकावाली बाईच्या मागून चालत होती, तिची पाठ दाखवत, कारण तिला घरच्यांच्या नजरेतून सुटलेली बाई दाखवायची होती. जर्मनीवाली गाडीखाली, कॅनडावाली प्रश्न विचारून वाट बघणारी. "बाईने काढला म्हणजे एकसारखा, असं नाही," मॅडम म्हणाल्या. "चार जणी, चार ठिकाणी उभ्या." मागून शेवंताबाय म्हणाली, "चार सुनांचो सयपाक तरी खंय एक असता?" सगळा हॉल हसला. माझ्या मते मॅडमपेक्षा तिने बरं सांगितलं, पण ते मी मॅडमना बोललो नाही.

तात्या त्या दिवशी फारच थोडं बोलला. जाताना मला म्हणाला, "सदा, माका येक सांग. तितको वेळ गप रवान लोक बसतत कशे?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, मी ऑपरेटर." तो विचार करत गेला.

व्हिडिओ आला नाही असं नाही. काही वर्षांनी आलाच, बाजारपेठेत, दुसऱ्याच्या हॉलमध्ये. आमचा रविवार मात्र आमच्याकडेच राहिला, मॅडमची बदली होईपर्यंत आणि नंतरही काही दिवस.

वर्षाअखेर क्लबच्या स्नेहसंमेलनात संध्याकाळी तात्याच्या मंडळींचा एक प्रवेश ठेवला होता. राजा राज्य हरून वनवासाला निघतो आणि राणीला म्हणतो, तू माहेरी जा. ह्या जागी तात्याचं भाषण ठरलेलं. पंधरा-वीस मिनिटांचं, अश्रूंचा पूर. बायका रुमाल काढून तयार. माइक माझ्याकडे.

राजा बोलला. तात्या बोललाच नाही.

पेटीवाल्याने सूर धरला. तात्या गप्प. पेटीवाल्याने दुसऱ्यांदा सूर धरला आणि भाषण विसरलास काय, अशा नजरेने वर बघितलं. तात्याने राजाकडे बघितलंसुद्धा नाही. तो खाली बसला आणि हातातल्या बांगड्या एकेक करून काढू लागला. काढून पाटावर ठेवायचा. शेवटची एक हातात ठेवली आणि ती पदराच्या टोकाला बांधली.

माझा हात बटणाकडे गेला. कुणी बोलत नसलं की माइक खाली करायचा, ही वीस वर्षांची सवय. खरखर ऐकू येते ना. त्या दिवशी मी माइक वर केला. काच लाकडावर ठेवल्याचा तेवढासा आवाज शेवटच्या चटईपर्यंत गेला. पुढच्या चटईवर शेवंताबाय होती. ती या वेळी उठली नाही. पदर तोंडाशी धरून बसली होती.

प्रवेश संपल्यावर तात्या विंगेत आला, घामाने डबडबलेला. पहिलं काय विचारलं असेल त्याने? "सदा, लोक उठले काय रे?"

"एक नाही उठला."

मग मी माझ्या वहीत, जिथे प्रोजेक्टरच्या सूचना लिहून ठेवत असे, एक सूचना वाढवली. 'माणसं गप्प असतील, तेव्हा आवाज वर ठेवणे.' माझ्या जागी पुढे जो मुलगा आला, त्याला ती लिहिताना झालेली चूक वाटली.